फोन ऐकण्याचा अधिकार आणि मोक्काचा गाभा

वाचकाची प्रतिक्रिया: «टेलिफोन हा विषय केंद्र सूचीत आहे हे तुम्हीच लिहिता, आणि मोक्कात राज्याने फोन टॅप करण्याची कलमे घातली तरी ती वैध, हेही तुम्हीच सांगता. 'गाभा' बघायचा म्हणजे न्यायाधीशाच्या मर्जीला दिलेले गोंडस नाव आहे. मग सूच्या कशाला लिहिल्या? आणि राष्ट्रपतींची संमती घेतली होती, तर वादच कुठे उरतो?»

तुमचा आक्षेप मुंबई उच्च न्यायालयालाही पटला होता. मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९ चा. त्यातली १३ ते १६ ही कलमे उच्च न्यायालयाने रद्द केली, कारण केंद्र सूचीतल्या ३१ क्रमांकाच्या नोंदीत टेलिफोन आणि तत्सम दळणवळण येते. २००८ साली भारत शांतिलाल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भाग उलटवला. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

पण आधी कलमे काय म्हणतात ते बघा. पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचा, तपासावर देखरेख करणारा अधिकारी अर्ज करतो. गृहखात्यातला किमान सचिव दर्जाचा अधिकारी परवानगी देतो, ती साठ दिवसांपुरती, आणि तीही संघटित गुन्हेगारीचा पुरावा मिळवण्यासाठीच. पुढे मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची समिती आदेश तपासते. फोन कंपनीला परवाना कोण देणार, तारा कुठून जाणार, दर किती, यातले एक अक्षरही त्यात नाही.

आता 'मर्म आणि सार' कसोटी, म्हणजे तुम्ही म्हणता तो 'गाभा' बघणे, कशी लावतात ते पाहू. कायदा कोणत्या विषयाला स्पर्श करतो हा तिचा प्रश्न नाही. तसा स्पर्श जवळजवळ प्रत्येक कायदा कुठेतरी करतोच. सूचीतल्या नोंदी विषयांची क्षेत्रे आहेत, आणि ती एकमेकांत थोडी मिसळणार हे सूच्या लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणून कायदा पूर्ण वाचायचा: उद्देशिका, व्याख्या, शिक्षा, यंत्रणा, प्रत्यक्ष परिणाम. मग विचारायचे की हा मुळात कशाबद्दल आहे.

माझी एक घरगुती युक्ती आहे: एक भाग बाजूला काढून बघायचा. मोक्कातून १३ ते १६ काढा. टोळीच्या गुन्ह्यांची व्याख्या, शिक्षा, विशेष न्यायालये, पोलिसांपुढच्या कबुलीजबाबाचे कलम, सगळे जागेवर राहते. उलट टोळीचा गुन्हा काढून फक्त फोनची कलमे ठेवा. ती लुळी पडतात, कारण परवानगी ज्या पुराव्यासाठी, तो गुन्हाच उरत नाही. म्हणजे फोन ऐकणे हे इथे साधन आहे. सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्य सूचीत आहेत, फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत. टेलिफोनवरचे आक्रमण आनुषंगिक ठरते.

ही ३१ वी नोंद पूर्वीही अशीच आडवी आली होती. अजमेरच्या ध्वनिवर्धक नियंत्रण कायद्याबाबत १९५८ साली हाच युक्तिवाद झाला. कर्णा हे दळणवळणाचे साधन, म्हणून विषय केंद्राचा! न्यायालयाने पाहिले की कायद्याला संदेश पोचवण्याशी कर्तव्य नाही, कानठळ्यांशी आहे, आणि सार्वजनिक आरोग्य राज्याचे आहे.

मर्जीचा मुद्दा मात्र मी पूर्ण झटकणार नाही. संपूर्ण कायद्याचा गाभा पाहताना एखादे खोडकर कलम त्याच्या पाठीमागे लपू शकते. महाराष्ट्राने उद्या 'सुव्यवस्थेसाठी' म्हणून प्रत्येक सिमकार्डला राज्याचा परवाना लागेल असे कलम मोक्कात घातले, तर बाकीचा कायदा कितीही गुन्हेगारीविषयी असला तरी ते टिकू नये. मूळ हेतूशी कलमाचा सांधा जितका सैल, तितकी शंका अधिक. तो सांधा मोजताना न्यायाधीशाचे मत येते, हे खरे. पण शब्दशः वाचनाचा पर्याय घ्या: मग राज्याचा पोलिसांविषयीचा कायदा कुठल्याशा केंद्रीय विषयाला नुसता घासला तरी पडेल, आणि राज्य सूची कागदावरच राहील.

राहिली राष्ट्रपतींची संमती. मोक्काला ती मिळाली होती, पण तिचे काम वेगळे आहे. अनुच्छेद २५४(२) समवर्ती विषयांपुरता आहे: त्याच विषयावर संसदेचा कायदा असेल आणि राज्याचा त्याच्याशी विसंगत असेल, तर संमतीमुळे राज्याचा कायदा त्या राज्यात चालतो. मुळात विषयच केवळ केंद्राचा असता, तर संमतीने राज्याला नसलेला अधिकार मिळाला नसता. म्हणून गाभ्याचा प्रश्न आधी सोडवावा लागतो, संमतीचा नंतर.

आणि त्याच निकालात, बरं का, जामिनाच्या कलम २१(५) मधले 'किंवा इतर कोणत्याही कायद्याखाली' हे शब्द न्यायालयाने रद्दच ठेवले. तिथे सूचीचा नव्हे, मूलभूत हक्कांचा प्रश्न होता. अधिकार राज्याचा असूनही कायदा चुकू शकतो, ते भांडण निराळे.