'टीप' : शॉक बसेल!

मिक्सरच्या मॅन्युअलचं मराठी भाषांतर उघडलं. पान तीन : 'पात्यांच्या स्वच्छतेपूर्वी विद्युत जोडणी विलग केली गेलेली असणे अपेक्षित आहे.' अपेक्षित? कोणाकडून? मिक्सर स्वतःच प्लग काढून बसणार आहे का? अहो, 'आधी प्लग काढा. मग पाती धुवा.' एवढं लिहायला काय जातं?

आणि ते इशाऱ्याचे शब्द! मूळ इंग्रजीत धोक्याच्या चार पायऱ्या ठरलेल्या असतात. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. नोटिस म्हणजे माणूस शाबूत, वस्तूचं नुकसान. मराठीत काय? त्याच वॉर्निंगचं पान तीनवर 'सावधान', पाचवर 'चेतावणी' (हा थेट हिंदीतून आलेला पाहुणा) आणि आठवर चक्क 'टीप'! म्हणजे शॉक बसणार तो टिपेत, आणि भांड्यावर डाग पडणार तर 'धोका!!' वाचणाऱ्याने घाबरायचं तरी कशाला?

धोका, इशारा, खबरदारी, सूचना. एकदा ठरवा, शब्दसूचीत टाका, शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवा. समानार्थी शब्दांची हौस ललित लेखात फेडा ना!

कहर पुढेच आहे : 'झाकण उघडण्याचे टाळण्यात यावे, जोपर्यंत पात्यांचे फिरणे पूर्णतः थांबलेले नाही.' अरे, 'पाती थांबेपर्यंत झाकण उघडू नका' म्हणा! तुमचं वाक्य संपेपर्यंत बोट आत गेलेलं असतं.