मध्यरात्रीनंतरची लोकल आणि २५:०५ची वेळ

"वेळापत्रकात २४:०८ किंवा २५:०५ लिहिणं ही सरळ चूक आहे. दिवस २४ तासांचाच असतो. मध्यरात्र उलटली की ००:०८ लिहा, बाकीचं कॉम्प्युटर समजून घेतो. शिवाय २५ वाजले म्हणजे काय, हे प्रवाशाला कळणार कसं?"

मध्यरात्रीनंतरच्या गाड्यांच्या वेळांवर असा आक्षेप घेतला जातो. त्यातला पहिला मुद्दा दिवसाचा. वेळापत्रकाच्या फाइलमधला दिवस हा सेवेचा दिवस असतो, कॅलेंडरचा नव्हे. मुंबईच्या लोकल रात्री साधारण एक ते चारच्या दरम्यान थांबतात, म्हणून त्यांचा दिवस खरा तिथेच संपतो. उदाहरणापुरती एक धीमी गाडी घेऊ. ती शनिवारी सीएसएमटीहून सुटते आणि कल्याणला पोहोचते तेव्हा तारीख रविवारची असते, पण गाडी शनिवारच्याच वेळापत्रकातली. वेळापत्रकं फाइलमध्ये लिहिण्याच्या जीटीएफएस या प्रचलित स्वरूपात, `stop_times.txt` फाइलमध्ये, तिच्या पोहोचण्याच्या वेळा अशा येतात (पहिली ओळ सुटण्याची):

```
CSMT    23:40:00
Dadar   23:57:00
Kurla   24:08:00
Thane   24:37:00
Kalyan  25:05:00
```

२५:०५ म्हणजे शनिवारच्या ००:०० पासून मोजलेले २५ तास ५ मिनिटं. हे स्वरूप अशा वेळांना स्पष्ट मुभा देतं. लांब पल्ल्याच्या गाडीला तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला पोहोचायचं असेल, तर ५४:१५ लिहिणंही योग्यच.

आता कॉम्प्युटर काय समजून घेतो ते पाहू. कुर्ल्यासमोर ००:०८ लिहिलं, तर दादर ते कुर्ला हा प्रवास ११ मिनिटांऐवजी उणे २३ तास ४९ मिनिटांचा होतो. वेळेनुसार क्रम लावला की कुर्ला, ठाणे आणि कल्याण सीएसएमटीच्या वर चढून बसतात.

यावर नेहमीचा उपाय सुचवला जातो: पुढच्या स्टेशनची वेळ मागच्यापेक्षा कमी आली, की दिवस बदलला असं धरा. वरच्या गाडीपुरता तो चालतोही. पण १२ वाजून ५ मिनिटांनी सीएसएमटीहून सुटणारी गाडी घ्या. तिच्या यादीत ००:०५, ००:२२, ००:३३ अशा वेळा सरळ चढत जातात, त्यामुळे कुठेच खूण मिळत नाही. ही गाडी शनिवारच्या रात्रीची की रविवारच्या, हे त्या आकड्यांतून कधीच कळणार नाही. रविवारचं वेळापत्रक वेगळं असल्यामुळे चुकीच्या दिवसाखाली गेलेली गाडी यादीतून गायब होते किंवा नसलेली गाडी दिसू लागते. २४:०५ लिहिलं की प्रश्नच उरत नाही.

एक्सेलमध्ये मात्र सावध राहायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं आणि ते दिसत नाही. 24:08 टाइप केलं की आत १.००५५६ अशी संख्या साठते: एक पूर्ण दिवस आणि वर आठ मिनिटं. सेलचं फॉरमॅट `hh:mm` असेल तर डोळ्यांना 00:08 दिसतं, `[h]:mm` असेल तर 24:08. फाइल सीएसव्ही म्हणून जतन करताना एक्सेल दिसणारा मजकूर बाहेर टाकतं, त्यामुळे `hh:mm` ठेवलं असेल तर दिवस तिथेच गळून जातो. म्हणून जतन करण्याआधी तो स्तंभ `[h]:mm:ss` करा आणि तयार झालेली सीएसव्ही साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून शेवटच्या गाड्यांच्या ओळी वाचा. पायथनच्या `datetime.time` मध्ये तर २४ किंवा त्यापुढचा तास मुळात बसतच नाही. तिथे वेळ एकूण सेकंदांत ठेवलेली बरी.

प्रवाशाचा आक्षेप रास्त आहे. स्टेशनवरच्या किंवा मोबाइलवरच्या यादीत २५:०५ दाखवू नये. पण त्यासाठी साठवलेली वेळ बदलायची गरज नाही. दाखवताना तासाला २४ने भागून बाकी घ्या आणि भागाकार १ आला तर पुढचा वार लिहा. इथे `s` म्हणजे एकूण सेकंदांत साठवलेली वेळ:

```
d, h = divmod(s // 3600, 24)
m = s % 3600 // 60
```

कल्याणसाठी `s` हा 90300 येतो, `d` 1, `h` 1 आणि `m` 5. पडद्यावर "रवि ०१:०५" असं उमटतं. यादीचा क्रम मात्र `s` वरच लावायचा, दिसणाऱ्या मजकुरावर नाही.

शोधताना आणखी एक पायरी लागते. रविवारी ००:२० ला कुणी पुढची गाडी विचारली, तर शनिवारच्या सेवेत २४:२० पासून पुढे आणि रविवारच्या सेवेत ००:२० पासून पुढे, असं दोन्हीकडे पाहावं लागतं. पहिला अर्धा भाग राहिला तर बारा वाजताच रात्रीच्या उरलेल्या गाड्या नाहीशा होतात आणि यादी थेट पहाटेच्या पहिल्या लोकलपासून सुरू होते. तपासणी करताना घड्याळ रविवार ००:२० आणि सोमवार ००:२० असं दोन्हीकडे लावून पाहा. सोमवारच्या वेळी रविवारच्या सेवेतल्या शेवटच्या गाड्या दिसल्या पाहिजेत.