भाडी केंद्र

परवा रात्री आठच्या सुमारास परभणीतील माझ्या दुकानात समोरच्या चहाच्या टपरीवरून एक फेटेवाले काका आले आणि बाकावर ऐसपैस बसून त्यांनी विचारले, "पोरीचं लगीन हाय, मांडवाचं भाडं किती?"

"काका, इथे भांडी विकत मिळतात," मी नम्रपणे म्हणालो.

"मग बोर्डावर भाडी कामून लिवलं? चौथी शिकलोय म्हटलं मी!"

त्यांनी माझा दंड धरून मला 60 फुटी रस्ता ओलांडायला लावला आणि टपरीसमोर उभे करून फर्मावले, "वाचा." मी वाचले. 'गोदाई भाडी केंद्र.' स्वतःच्या दुकानाचे नाव आपणच चुकीचे वाचावे आणि वर साक्षीदाराच्या चहाचे पैसेही आपणच द्यावेत, हा अपमान अजून गिळवत नाही.

अनुस्वार गेला कुठे? फलकावर माझा आणि मेव्हण्याचा फोटो (त्याचा मोठा, कारण उद्घाटनाचा नारळ त्याचा) बसवल्यावर अक्षरांना जेमतेम अडीच इंच उंची उरली होती. अंतराच्या दर 10 फुटांना 1 इंच हा फलक रंगवणाऱ्यांचा जुना ठोकताळा धरला, तर 60 फुटांसाठी 6 इंच हवेत, आणि तेही वरच्या-खालच्या मात्रा सोडून नुसत्या अक्षराच्या अंगाचे. त्यातून पाठीमागे पांढरे फ्लेक्स आणि आत ट्यूबलाइट. रात्री पांढऱ्याचा उजेड कडेने पसरून बारीक रेषा खातो, आणि पाव इंचाच्या नारंगी टिंबाचा तर घासच होतो. "साहेब, नारंगी लई उठून दिसतंय," असे फ्लेक्सवाला म्हणाला होता. मात्र ते तो दीड फुटावरच्या पडद्याकडे पाहून म्हणाला होता! मोबाइलवर त्याच फलकाचा कृष्णधवल फोटो काढला, तेव्हा अक्षरे पांढऱ्यात फिकट राखाडी होऊन विरघळलेली दिसली. ही तपासणी पैसे देण्यापूर्वी सुचली असती, तर एक फ्लेक्स वाचले असते.

नव्या फलकावरून दोन्ही फोटो हद्दपार झाले. (मेव्हणा अद्याप बोलत नाही.) पार्श्वभूमी गडद तपकिरी आणि अपारदर्शक ठेवली, म्हणजे उजेड फक्त फिक्या पिवळ्या अक्षरांतूनच बाहेर येतो. मात्र उजळलेली अक्षरेही रात्री थोडी फुगतात, त्यामुळे टिंब शिरोरेषेला चिकटून नाहीसे होऊ नये म्हणून ते जाड केले आणि रेषेपासून चांगले सुटे ठेवले. छापण्यापूर्वी एक दशांश आकाराचा कागद भिंतीला लावून 6 फुटांवरून वाचला, कारण तेथून तो 60 फुटांवरच्या फलकाएवढाच दिसतो.

काल रात्री काका पुन्हा टपरीवर होते. त्यांनी तेथूनच मोठ्याने 'भांडी' असे वाचले, समाधानाने मान हलवली आणि रस्ता ओलांडून आले.

"आता कसं सोच्छ दिसतंय. बरं, लग्नाच्या जेवणाला भांडी पाहिजेत. भाड्यानं देता का?"