शून्य किलोचा प्रवासी

आमचे चिरंजीव १४ मे रोजी दोन वर्षांचे झाले. नेमके कुठल्या क्षणी झाले, यावर दोन विमान कंपन्या, एक काउंटरवरची मुलगी आणि वेंगुर्ल्याचे एक काका यांचं अजून एकमत झालेलं नाही. पैसे मात्र सगळ्यांच्या मताप्रमाणे मीच भरले.

आम्ही मस्कतला असतो. आंब्याच्या दिवसांत कुडाळला घरी आलो होतो. १३ तारखेला संध्याकाळी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून मुंबई आणि तिथून रात्री १२ वाजून ४० मिनिटांनी मस्कत, असा परतीचा बेत. घड्याळात १२ वाजून गेले की तारीख १४ लागते, एवढं तिकीट काढताना डोक्यात होतं. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधी मूल मांडीवर चालतं. त्याची सीट नसते. देशातल्या विमानात त्याचे ठरावीक पैसे घेतात, परदेशाच्या विमानात साधारण मोठ्या माणसाच्या भाड्याचा दहावा हिस्सा. दुसऱ्या वाढदिवसापासून मात्र त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागते, आणि स्वस्तातल्या कंपन्या तिचे पैसे जवळजवळ माझ्याएवढेच लावतात.

आता हे वय कधीचं धरायचं? काही कंपन्या प्रत्येक विमान सुटण्याची तारीख बघतात. काहींचं म्हणणं असं की परतीच्या वेळी मूल दोनचं होणार असेल तर जातानाही सीट घ्या. आमची मस्कतची कंपनी फोनवर पहिल्या गटात होती आणि वेबसाइटवर दुसऱ्या. जाण्यायेण्याचं एकत्र तिकीट काढायला गेलो की वेबसाइट जन्मतारीख बघून त्याला दोन्हीकडे 'चाइल्ड' करून टाकायची. शेवटी जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढलं. येताना तो बाळ, जाताना मोप्याहून मुंबईपर्यंत बाळ, आणि मुंबईहून पुढे सीटवाला गृहस्थ. विमान पाऊण तास आधी सुटतं तर एक अख्खं तिकीट वाचलं असतं. त्यातून त्या घटकेला मस्कतला ११ वाजून १० मिनिटंच झालेली असतात आणि तारीख १३च असते. पण तारीख धरतात ती जिथून विमान सुटतं तिथली. मुलगा मस्कतचा रहिवासी, वय मात्र मुंबईच्या घड्याळाने.

इथवर मी मुकाट भरलं. खरा प्रकार मोप्याला झाला.

(चिपीचा विमानतळ आम्हाला कितीतरी जवळ. पण तिथून हव्या त्या दिवशी विमान मिळेल याच्या भरवशावर नोकरीवाल्या माणसाने परतीची तिकिटं काढू नयेत. म्हणून सावंतवाडी, बांदा करत गोव्यात शिरायचं.)

काउंटरवरच्या मुलीने आधी चिरंजीवांकडे बघितलं. आमचं पोर हाडापेराने मोठं आहे. "हा दोनच्या आतला?" तिने विचारलं आणि लाडाने त्यालाच म्हणाली, "बाळा, तू किती वर्षांचा?" आजीने अख्खा महिना खपून वाढदिवसासाठी त्याला हेच शिकवलं होतं. त्याने ताठ दोन बोटं दाखवली. मग पासपोर्ट काढा, जन्मतारीख दाखवा, आजची तारीख दाखवा. एक दिवस कमी आहे म्हणून ती राजी झाली.

मग बॅगा काट्यावर चढल्या. आमचे दोघांचे १५-१५ किलो बरोबर भरले. तिसरी बॅग चिरंजीवांची. त्यात सावंतवाडीची लाकडी खेळणी, कुळथाचं पीठ, कोकमं आणि आजीचा जीव. मुंबईहून पुढे त्याच्या नावावर ३० किलो होते.

"बाळाला सामान नाही सर."

"पण पुढच्या विमानात त्याला तीस किलो आहेत."

"पुढच्या विमानात तो बाळ नाही."

यावर काय बोलावं ते मला सुचेना. सुचलं ते मागच्या काकांना. त्यांच्या ट्रॉलीवर आंब्याच्या पेट्या होत्या, आणि वर सुतळीने आवळलेला एक फणस.

"झील कितक्या वर्सांचो?" काकांनी विचारलं.

"उद्या दोन होईल."

"तिथी खंयची?"

तिथी आजीमुळे पाठ होती. गंगासप्तमी.

"गंगासप्तमी जावन तीन आठवडे झाले! म्हणजे झील कधीच दोनाचो झालो. बाय, तेचे पंधरा किलो दी."

"काका, सिस्टीम तारीख घेते."

"सिस्टीमीक पंचांग ठाऊक नाय?"

मुलगी हसली, पण काटा हलला नाही. काका माझ्याकडे वळले. "जल्मलो कितक्या वाजता?"

"दुपारी चारला."

"मगे रात्री साडेबाराक तो दोनाचो खंयसून झालो? पाच पहार बाकी रवले! त्या दुसऱ्या इमानाचे पैसे परत मागा तुम्ही."

म्हणजे आत्ता तो दोनचा पूर्ण, म्हणून त्याला सामान द्या; आणि पाच-सहा तासांनी तो दोनचा अपुरा, म्हणून त्याला सीट नको. खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्या बाजूने बोललेला हा एकमेव माणूस होता, त्यामुळे मी मान डोलावली. रांग मागे सावंतवाडीपर्यंत गेल्यासारखी वाटत होती. बायको माझ्याकडे बघत नव्हती.

मग काकांनी आवाज खाली आणला. "ह्येका पंधरा किलो गावले, तर तुमची बॅग किती, नऊ? रवले सहा. माझो फणस सहाच्या आतच बसतलो."

मी जादा वजनाची पावती फाडली. नऊ किलोंचे झालेले पैसे बघून वाटलं, खेळण्यांऐवजी आजीलाच आणलं असतं. काकांनी त्यांच्या फणसाचं काय केलं ते मी बघितलं नाही. बघायची इच्छा नव्हती.

मांडीवरच्या मुलाचं एक बरं असतं, हवाईसुंदरी छोटा पट्टा आणून देते. तो आपल्या पट्ट्यात ओवायचा आणि पोराच्या पोटाला लावायचा. रांगेच्या एका बाजूला असं एकच मूल बसवतात, कारण वरून खाली येणारा प्राणवायूचा जादा मुखवटा तिथे एकच असतो. हे सगळं मला पटतं. पण मग नियम वजनावर ठेवा ना! आमचा पठ्ठ्या तेरा किलोंचा असून १३ तारखेला मांडीवर मावतो, आणि एखादं दहा किलोंचं काटकुळं पोर दोन वर्षं आणि एक दिवसाचं म्हणून सीटवर एकटं बसतं. माझ्या मांड्यांना तारीख कळत नाही.

मुंबईहून निघालो तेव्हा चिरंजीव कायद्याने मोठे झाले होते. उड्डाणाच्या वेळी त्याला त्याच्या सीटवर मोठ्यांच्या पट्ट्यात बांधला. त्याने जे रडणं काढलं ते पुढच्या सहा रांगांनी वाढदिवसाची भेट म्हणून घेतलं. पट्ट्याचा दिवा विझताच तो माझ्या मांडीवर आला आणि मस्कत येईपर्यंत तिथेच झोपला. पूर्ण भाड्याची सीट शेजारी रिकामी. मी तिच्यावर पिशवी ठेवली, तर उतरायच्या आधी "सर, सीटवर सामान नको" म्हणून तीही उचलायला लावली.

मध्यरात्री कधीतरी पलीकडच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी रिकामी जागा बघून विचारलं, "इथे कोणी आहे का? जरा पाय मोकळे केले असते."

"आहे," मी म्हणालो. "माझा मुलगा बसलाय."

त्यांनी सीटकडे बघितलं, माझ्या मांडीकडे बघितलं आणि ते परत जाऊन बसले. मी जागा दिली नाही. देणारही नव्हतो.