बाबासाहेबांचं मूळ गाव आणि जन्मगाव: खुलासा

"बाबासाहेब कोकणात आंबडवे गावात जन्मले, महू नुसतं कागदावर आहे."

नाही हो, जन्म महूचाच, १४ एप्रिल १८९१. आंबडवे हे मूळ गाव, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं. आजोबा मालोजी सकपाळ सैन्यात, वडील रामजी पण सैन्यातच, म्हणजे घर पलटणीबरोबर फिरत होतं. जन्म झाला तेव्हा रामजी सुभेदार महूच्या छावणीत होते, पुढे रिटायर झाल्यावर फॅमिली आधी दापोलीला आली आणि मग साताऱ्याला.

खरा घोळ पुढेच आहे. जुन्या लिखाणात गावाचं नाव कुठे आंबडवे तर कुठे आंबवडे असं सापडतं, आणि आंबवडे नावाची गावं सातारा जिल्ह्यातही आहेत, शिवाय लहानपण साताऱ्यात गेलेलं, मग लोक बिनधास्त तिकडचं गाव जोडून मोकळे होतात. नुसतं गावाचं नाव वाचून ठरवू नका, तालुका मंडणगड आहे का ते बघा.

आडनावाचंही तसंच. घराणं सकपाळ, गावावरून आंबडवेकर, पण साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला नोंद आहे 'भिवा रामजी आंबेडकर'. म्हणून फक्त 'आंबेडकर' शोधत बसलात तर आधीच्या पिढ्या हाती लागणारच नाहीत, सकपाळ शोधा.