मनगटाची आठ हाडे आणि ‘सात-सातचे गट’

“मेमरी पॅलेस शिका! शरीररचनेची नावे असोत की कायद्याची कलमे, कितीही मोठी यादी एकदा घराच्या खोल्यांत ठेवली की आयुष्यभर विसरत नाही, उजळणीची गरजच नाही. मेंदू एका वेळी सात गोष्टी धरतो, म्हणून सात-सातचे गट करा. अर्थ समजून घेण्यात वेळ घालवू नका, चित्र जितके विचित्र तितके पक्के. महिनाभरात स्मरणशक्ती दहापट!”

हा संदेश माझ्या भाचीकडे तिच्या पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी पोहोचला आणि तिने तो शब्दशः पाळला. मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आहे. त्यामुळे परीक्षेनंतर ती रडवेली होऊन “मामा, सगळी नावे येत होती, तरी उत्तर देता आले नाही” असे म्हणाली, तेव्हा नेमके काय बिघडले असेल याचा अंदाज मला लगेच आला. तिने मनात आणलेल्या घरात मनगटाच्या आठ हाडांपैकी सात चित्रांच्या रूपात दिवाणखान्यात मांडली होती आणि सातचा गट पूर्ण झाला म्हणून आठवे, म्हणजे हॅमेट, एकटेच स्वयंपाकघरात ठेवले होते. परीक्षकांनी विचारले की फ्लेक्सर रेटिनॅक्युलम, म्हणजे मनगटाच्या पुढच्या बाजूचा रुंद पट्टा, कोणकोणत्या हाडांना चिकटतो. ती मनातल्या मनात दारापासून चालू लागली, आठही नावे ओळीने म्हणून दाखवली आणि तिथेच थांबली.

या गोंधळाचे मूळ ‘सात’ या आकड्यात आहे, म्हणून त्याचाच आधी समाचार घेतो. जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या 1956 च्या प्रसिद्ध लेखात सात हा आकडा आहे हे खरे, पण तो तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी साधारण किती गट मावतात याचा आहे. एका गटात किती गोष्टी कोंबाव्यात याचा नाही. पुढे नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये हा आकडाही चारच्या आसपास आणला. गट करण्याचे तंत्र प्रत्यक्षात कसे चालते हे पाहायचे असेल, तर एरिक्सन, चेस आणि फालून यांनी 1980 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहावा. एका महाविद्यालयीन तरुणाला सेकंदाला एक या गतीने अंक ऐकवले जात आणि ते त्याच क्रमाने परत सांगायला लावले जाई. सुरुवातीला त्याला सातच अंक जमत. दीड वर्षाहून अधिक काळात सुमारे 230 तासांचा सराव केल्यावर तो 79 अंकांपर्यंत पोहोचला. हा तरुण लांब पल्ल्याचा धावपटू होता आणि ऐकलेले अंक तो शर्यतीच्या वेळांत बदलत असे. 3492 ऐकले की त्याच्यासाठी ती 3 मिनिटे 49.2 सेकंद, म्हणजे एक मैल धावण्याच्या तेव्हाच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ होई. त्याचे गट तीन किंवा चार अंकांचे होते, आणि गट वाढत गेले तेव्हा त्याने गट फुगवले नाहीत, तर काही गटांचा मिळून एक मोठा गट केला.

यातून दिसते ते असे, की गट मोजून पडत नाही, तो आधीच माहीत असलेल्या अर्थाभोवती जमतो. 3492 हा त्या धावपटूसाठी गट आहे, कारण त्याला शर्यतीच्या वेळा ठाऊक आहेत. ज्याला त्या ठाऊक नाहीत त्याच्यासाठी ते चार सुटे अंकच राहतात. म्हणूनच अर्थ समजून घेऊ नका हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. तो गट करण्याचे साधनच विद्यार्थ्याच्या हातातून काढून घेतो आणि वर गट करायला सांगतो.

मनगटाच्या हाडांत तर अर्थ समोरच पडलेला आहे. ही हाडे चार-चारच्या दोन रांगांत असतात. डावा तळहात स्वतःकडे आणि बोटे वर करून धरला, तर खालच्या रांगेत अंगठ्याकडून करंगळीकडे स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रम आणि पिसिफॉर्म येतात, तर वरच्या रांगेत ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट आणि हॅमेट. भाचीला मी ते मनातले घर सोडायला लावले आणि दोन फळ्यांचे एक कपाट डोळ्यांसमोर आणायला सांगितले. खालच्या फळीवर होडी, चंद्रकोर, तीन कोपऱ्यांचा दगड आणि वाटाणा. वरच्या फळीवर टेबल, त्याच्याशेजारी लहान टेबल, मग एक डोके आणि शेवटी हुक. यातले एकही चित्र मला शोधावे लागले नाही, कारण स्कॅफॉइडचा अर्थ होडीसारखे, ल्युनेटचा चंद्रासारखे, पिसिफॉर्मचा वाटाण्याच्या आकाराचे, कॅपिटेटचा डोके असलेले आणि हॅमेटचा हुक असलेले असाच आहे. चित्र विचित्र असले की पक्के बसते, यात थोडे तथ्य आहे. साध्या चित्रांमध्ये एखादे विचित्र असेल तर ते उठून दिसते. सगळीच विचित्र केली की कोणतेच उठून दिसत नाही, आणि चित्रावरून नावाकडे परत येण्याची वाट मात्र हरवते. तिच्या पहिल्या मांडणीत ल्युनेटच्या जागी छत्री घेऊन नाचणारा हत्ती होता. हत्ती तिला आजही आठवतो, फक्त तो कोणत्या हाडासाठी होता हे तिला त्या दिवशी सांगता आले नव्हते.

आता परीक्षकांचा प्रश्न पुन्हा घ्या. कपाटाचे चार कोपरे पाहिले की स्कॅफॉइड, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम आणि हॅमेट दिसतात. तो पट्टा याच चार हाडांना चिकटतो: अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइडचा उंचवटा आणि ट्रॅपेझियमची कड, करंगळीच्या बाजूला पिसिफॉर्म आणि हॅमेटचा हुक. हे वेगळे पाठ करावे लागत नाही, कारण मांडणी शरीराच्या मांडणीला धरून आहे. सात आणि एक अशी फोड केली की हे चार कोपरे कुठेच दिसत नाहीत.

या मांडणीलाही मर्यादा आहे आणि ती आधीच सांगितली पाहिजे. कपाटातल्या वस्तू सरळ एकाखाली एक वाचल्या तर कॅपिटेट ट्रायक्वेट्रमच्या वर येते, आणि ते चूक आहे. पिसिफॉर्म खरे तर रांगेच्या टोकाला नसून ट्रायक्वेट्रमच्या पुढ्यात, तळहाताच्या बाजूला बसलेले असते. म्हणून वाटाणा शेजारी न ठेवता त्या तीन कोपऱ्यांच्या दगडावर पुढून चिकटवायचा. कोपरा त्यामुळे मोडत नाही, पण खालच्या रांगेत तीनच वस्तू उरतात आणि त्या पसरून घेतल्या की होडी दोन्ही टेबलांखाली, चंद्रकोर डोक्याखाली आणि दगड हुकाखाली येतो. कॅपिटेटचे डोके स्कॅफॉइड आणि ल्युनेट यांनी मिळून केलेल्या वाटीत बसते, हेही मग चित्रातच दिसते. दुसरी नेहमीची चूक ट्रॅपेझियम आणि ट्रॅपेझॉइड यांच्या अदलाबदलीची. तिथे दोन टेबलांचे चित्र पुरत नाही. अंगठ्याला इंग्रजीत थम म्हणतात आणि ट्रॅपेझियम या शब्दाचा शेवट त्याच्याशी जुळतो, म्हणून अंगठ्याखालचे ते ट्रॅपेझियम, असा नादाचा आधार विद्यार्थी घेतात आणि तो टिकतो.

उजळणीबद्दल फार लिहावे लागू नये, पण लिहावे लागते आहे. मनातली जागा सहसा पुसली जात नाही. त्या जागेवर ठेवलेली वस्तू पुसट होते, आणि त्याच खोल्यांत दुसऱ्या दिवशी कवटीच्या मज्जातंतूंची यादी ठेवली तर दोन्ही याद्या एकमेकींत मिसळतात. मी विद्यार्थ्यांना पुस्तक मिटून दहा मिनिटांनी, मग दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी आणि आठवड्याने एक फेरी करायला सांगत असे, आणि त्यातली निदान एक फेरी उलटी किंवा मधूनच सुरू करायला लावत असे. दारापासून निघाल्याशिवाय तिसरी वस्तू सांगता येत नसेल, तर यादी पाठ झाली आहे, ज्ञान झालेले नाही. तोंडी परीक्षेत कोणीही दारापासून विचारत नाही.

तंत्र खोटे आहे असे मी म्हणत नाही, आणि हे या संदेशाच्या बाजूने नाइलाजाने मान्य करतो. 2017 मध्ये न्यूरॉन या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पूर्वी असा सराव नसलेल्या 51 जणांनी भाग घेतला होता. 72 शब्दांच्या यादीतले सुरुवातीला सरासरी 26 ते 30 शब्द त्यांना आठवत. ज्यांनी 40 दिवस रोज अर्धा तास जागांच्या पद्धतीचा, म्हणजे मेमरी पॅलेसचाच, सराव केला, त्यांची मजल 62 शब्दांपर्यंत गेली. पण ते एकमेकांशी संबंध नसलेले शब्द होते आणि फायदा रोजच्या सरावाने झाला, एकदा ठेवून विसरून जाण्याने नव्हे.

दहापट स्मरणशक्तीच्या दाव्याला उत्तर त्याच धावपटूकडे आहे. 79 अंक लीलया सांगणाऱ्या त्या तरुणाला अंकांऐवजी अक्षरे ऐकवली, तेव्हा तो पुन्हा सहाच्या आसपास आला. शेकडो तासांनी त्याची स्मरणशक्ती वाढली नव्हती, अंक हाताळण्याचे एक कसब तयार झाले होते.

कायद्याच्या कलमांना संदेशात एकाच ओळीत गुंडाळले आहे, पण तिथे अडचण वेगळी आहे: क्रमांकावरून मजकूर आणि मजकुरावरून क्रमांक, दोन्ही बाजूंनी जाता आले पाहिजे. त्यासाठी क्रमांकाचेच चित्र लागते आणि आपल्याकडे कटपयादी पद्धत त्याच कामाची आहे. क, ट, प, य म्हणजे 1, ख, ठ, फ, र म्हणजे 2, ग, ड, ब, ल म्हणजे 3, असे अंक अक्षरांत बदलतात. 113 साठी ट, प, ल घेऊन टोपली तयार होते आणि त्या कलमाच्या अटी एकेक करून टोपलीत ठेवता येतात. फक्त परंपरेत हे अंक एकंस्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचतात. त्या रीतीने हीच टोपली 311 होते, म्हणून पहिल्याच दिवशी एक दिशा ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. कितवी जागा आहे हे चटकन कळावे म्हणून दर पाचव्या जागेवर खूण ठेवण्याचा सल्ला तर ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथातही आहे. तिथे पाचव्या जागी सोन्याचा हात ठेवायला सांगितले आहे.

गेल्या आठवड्यात मी भाचीला डोळे मिटायला लावून सुटी हाडे एकेक करून तिच्या हातात दिली. सात तिने बोटांनी चाचपून ओळखली. ट्रॅपेझॉइड हातात आल्यावर तिने आधी ट्रॅपेझियम म्हटले, मग थांबली, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी बोट नेले आणि नाव बदलले.