जास्वंदीचा लाल रंग वाटेत कुठे हरवतो?

गेल्या आठवड्यात अंगणातल्या जास्वंदीचा फोटो मावशीला पाठवला आणि तिचे लगेच उत्तर आले, “अगं, हे फूल कालचं आहे का? मलूल दिसतंय.” फूल त्याच सकाळी उमललेले होते. माझ्या फोनच्या गॅलरीत ते रसरशीत लाल होते आणि पाकळीतल्या गडद शिराही स्पष्ट दिसत होत्या, पण पाठवलेली प्रत माझ्याच फोनवर उघडली तेव्हा तीही फिकट निघाली. म्हणजे दोष मावशीच्या स्क्रीनचा नव्हता. अशा वेळी आपण “कॉम्प्रेशनमुळे झाले” असे म्हणून मोकळे होतो. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते, असे माझे ठाम मत आहे. कॉम्प्रेशन बारकावे पुसते, कडांना चौकोनी ठिपके आणते, पण अख्ख्या फुलाचा रंग एकसारखा उतरवत नाही.

खरे कारण समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फोटोतला प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात, पण “लाल २५५” म्हणजे नेमका किती लाल, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. ते फाइलीत जोडलेले रंगप्रोफाइल सांगते. १९९६ मध्ये पुढे आलेले एसआरजीबी हे मोजमाप त्या काळच्या काचेच्या जाड मॉनिटरांना समोर ठेवून ठरवले गेले आणि इंटरनेटवर आजही तेच गृहीत धरले जाते. आताचे अनेक फोन मात्र डिस्प्ले पी३ हे अधिक रुंद मोजमाप वापरतात. आयफोनमध्ये ते २०१६ च्या आयफोन ७ पासून आले. त्यात अधिक तीव्र लाल, केशरी आणि हिरवे रंग मावतात.

आता जास्वंदीच्या पाकळीवरचा एकच ठिपका घेऊ. पी३ मध्ये त्याचे आकडे २३४, ५१, ३५ आहेत असे समजा. नेमका हाच रंग एसआरजीबीमध्ये २५५, ०, ० असा लिहिला जातो, म्हणजे त्या मोजमापातला सर्वांत तीव्र लाल. फोटो लहान करताना ॲपने आकडे तसेच ठेवले आणि प्रोफाइल मात्र काढून टाकले, तर समोरचा फोन २३४, ५१, ३५ हे आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो आणि तीव्र लालाऐवजी विटकरीकडे झुकलेला लाल दाखवतो. मावशीला दिसलेले मलूल फूल ते हेच. पी३ चे प्रोफाइल जेमतेम अर्ध्या किलोबाईटचे असते. शेकडो किलोबाईटच्या फोटोतून तेवढे वाचवण्यासाठी रंगाचा अर्थच फेकून देणे मला अजिबात समर्थनीय वाटत नाही.

ॲपने आकड्यांचे रीतसर रूपांतर केले तर हा फिकटपणा येत नाही, पण वेगळे नुकसान होते. पाकळीचा एक भाग पी३ मध्ये २४०, ४५, ३० आणि शेजारचा २५०, ३०, २० असेल, तर दोन्ही रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतात आणि साध्या रूपांतरात दोघांचेही २५५, ०, ० होते. फूल लालच राहते, पण शिरा नाहीशा होऊन पाकळी रंगवलेल्या कागदासारखी सपाट दिसते. त्यामुळे कारण ओळखणे सोपे आहे: सगळेच रंग उतरले असतील तर प्रोफाइल गळले, आणि फक्त तीव्र रंगाच्या भागातला तपशील गेला असेल तर रूपांतर झाले. केवळ आकाश किंवा दिव्यांची चमक गेली असेल, तर तो एचडीआरचा, म्हणजे फोटोतल्या जास्तीच्या उजेडाचा प्रश्न असतो आणि त्याचा या रंगांशी संबंध नाही.

रुंद रंगांचा मोड इथे उपयोगी पडतो. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून ॲपला आपल्या खिडकीसाठी तो मागता येतो:

```
android:colorMode="wideColorGamut"
```

ही मागणी नसेल, तर प्रोफाइल शाबूत असलेला पी३ फोटोही त्या खिडकीत एसआरजीबीपुरता छाटून दाखवला जातो. मागणी असेल आणि फोनचा पडदा सक्षम असेल, तर २४० आणि २५० मधला फरक पडद्यापर्यंत पोहोचतो. त्यासाठी थोडी जास्त मेमरी लागू शकते. हा मोड साध्या एसआरजीबी फोटोला मात्र भडक करत नाही आणि गळलेले प्रोफाइल परत आणत नाही. फोनच्या सेटिंगमधला “व्हिव्हिड” पर्याय ही निराळी गोष्ट आहे, कारण तो सगळेच रंग मुद्दाम ताणतो आणि त्यामुळे गॅलरीतला फोटो मुळातच खऱ्या फुलापेक्षा भडक दिसू शकतो.

संगणकावर मूळ आणि पाठवलेली अशा दोन्ही फाइली तपासल्या:

```
exiftool -ProfileDescription photo.jpg
```

मूळ फाइलीवर `Display P3` असे उत्तर आले आणि पाठवलेल्या प्रतीवर काहीच आले नाही. मग तोच फोटो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून मावशीला पाठवला, कारण तसे पाठवल्यावर फाइलीला हात लागत नाही. तिने तो तिच्या गॅलरीत उघडला आणि पाकळीतल्या शिरा दिसतात म्हणून फोन केला.